३४.५८ पास की नापास? एका परीक्षेच्या अपूर्णांकांचं पूर्ण प्रकरण

सोलापुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या तीन शाळांची मिळून एक पात्रता परीक्षा होती, दहावीच्या जादा बॅचसाठी. संस्थेचं नाव सांगत नाही, गरज पण नाहीये. एकूण १०० मार्क, ३५ ला बॅचमध्ये प्रवेश आणि ७५ किंवा त्याच्या वर असेल तर फी माफ. गड्डा यात्रा संपली की लगेच पेपर, आणि त्या आठवड्यातच निकाल लावायचा असं ठरलेलं. मुलं सव्वाशेच्या आसपास. गुणतक्ता करायचं काम माझ्याकडे होतं म्हणून हे सगळं आतून बघायला मिळालं.

पेपर तीन भागांचा होता आणि तिन्ही भागांत अपूर्णांक वेगवेगळ्या कारणाने आले, ते आधी समजून घ्या कारण सगळी भानगड तिथेच आहे.

भाग अ मध्ये ३० पर्यायी प्रश्न, पण आराखड्यात त्याला मार्क होते २०. असं का, तर ओएमआर शीट ३० प्रश्नांची छापून तयार पडली होती आणि ती वाया घालवायची नव्हती. म्हणजे एका बरोबर उत्तराला दोन तृतीयांश मार्क. भाग ब ५० मार्कांचा, छोटी उत्तरं, आणि तिथे तपासणारे अर्धा अर्धा मार्क देणारच, ते कुणी थांबवू शकत नाही. भाग क ३० मार्कांचा, निबंध आणि मोठी उत्तरं, आणि आदल्या वर्षी तिथे तक्रारी झाल्या होत्या म्हणून या वेळी दोन जणांनी स्वतंत्र तपासून सरासरी घ्यायची असं ठरवलेलं. दोघंही अर्धा मार्क देतात, मग सरासरीत पाव मार्क येतो. तर एका भागात तिसरा हिस्सा, एकात अर्धा, एकात पाव. प्रत्येक निर्णय सुटा बघितला तर शहाणपणाचा आहे, पण तिन्ही एकत्र केल्यावर बेरीज ३४.५८३३३ अशी येते, आणि प्रश्नपत्रिकेच्या सूचनांमध्ये राउंड कसं करायचं याचा एक शब्द नव्हता.

निकालाच्या मीटिंगमध्ये तीन मतं पडली. भाषेच्या मॅडम म्हणाल्या, प्रत्येक भागाचे मार्क आधी पूर्ण करून घ्या, अर्धा आला की वर, मग बेरीज करा, म्हणजे मार्कलिस्टवर आकडे सुटसुटीत दिसतात आणि पालकाला बेरीज जुळते. विज्ञानाचे सर म्हणाले, आधी एकूण बेरीज अर्ध्या मार्कापर्यंत आणा आणि मग अर्धा असेल तर वर न्या. आणि गणिताचे सर म्हणाले, मध्ये कुठंच हात लावू नका, एकदाच शेवटी करा. हेडसर म्हणाले, अहो एका मार्काचा प्रश्न आहे, एवढं काय त्यात, कुठलं तरी एक ठरवा आणि निकाल लावा.

आता तीन मुलं बघा. आसन क्रमांकच सांगतो.

१७ नंबर: भाग अ मध्ये १७ बरोबर, म्हणजे ११.३३. भाग ब मध्ये १५.५. भाग क मध्ये एकाने ७.५ दिले एकाने ८, सरासरी ७.७५. बेरीज ३४.५८.

२९ नंबर: भाग अ मध्ये १४ बरोबर, ९.३३. भाग ब मध्ये १८. भाग क मध्ये ७ आणि ७.५, सरासरी ७.२५. बेरीज ३४.५८. म्हणजे १७ नंबरएवढीच, एका कणाचाही फरक नाही.

४१ नंबर: भाग अ मध्ये २० बरोबर, १३.३३. भाग ब मध्ये १२.५. भाग क मध्ये ८ आणि ९, सरासरी ८.५. बेरीज ३४.३३. वरच्या दोघांपेक्षा पाव मार्काने कमी.

मॅडमच्या पद्धतीने केलं तर १७ नंबरचे होतात ११ + १६ + ८ = ३५, पास. ४१ नंबरचे १३ + १३ + ९ = ३५, पास. आणि २९ नंबरचे ९ + १८ + ७ = ३४, नापास. नीट बघा काय झालं ते. एकसारखे मार्क मिळवलेल्या दोघांपैकी एक आत आणि एक बाहेर, आणि त्या दोघांपेक्षा कमी मार्क असलेला तिसरा आत. २९ नंबरने काय चूक केली? काहीच नाही, फक्त त्याचे अपूर्णांक अर्ध्याच्या खाली पडले आणि बाकीच्यांचे भाग ब आणि क मध्ये अर्ध्यावर किंवा वर पडले. हे मीटिंगमध्ये फळ्यावर मांडल्यावर पहिल्यांदा सगळे गप्प झाले, कारण तोपर्यंत सगळ्यांना वाटत होतं की राउंड करण्याने सगळ्यांना थोडाफार सारखाच फायदा किंवा तोटा होतो.

तसं होत नाही, आणि का होत नाही ते भागवार बघितलं की कळतं. भाग अ मध्ये अपूर्णांक येतो एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश. एक तृतीयांश असेल तर तेवढा तोटा, दोन तृतीयांश असेल तर एक तृतीयांश फायदा, सरासरी काढली तर शून्य, म्हणजे तो भाग प्रामाणिक. भाग ब मध्ये अपूर्णांक फक्त अर्ध्याचा, आणि अर्धा नेहमी वर, म्हणजे तिथे तोटा कुणालाच नाही आणि अर्धा मार्क मिळालेल्याला अर्धा फुकट. दोनातला एक मुलगा अर्ध्यावर असतो असं धरलं तर सरासरी पाव मार्क वाटला जातो. भाग क मध्ये पाव असेल तर पाव गेला, अर्धा असेल तर अर्धा आला, पाऊण असेल तर पाव आला, सरासरी मार्काचा आठवा हिस्सा फायदा. तिन्ही मिळून सरासरी ०.३७५ मार्क नुसते राउंड करण्यातून जन्माला येतात. पण ही झाली सरासरी, एकेका मुलाचं बघितलं तर टोकं फार लांब जातात. भाग अ मध्ये दोन तृतीयांश, भाग ब मध्ये अर्धा, भाग क मध्ये अर्धा असा ज्याचा योग जुळला त्याला १.३३ मार्क फुकट. उदाहरणार्थ १२.६७ + १२.५ + ८.५, खरी बेरीज ३३.६७, आणि कागदावर १३ + १३ + ९ = ३५. आणि दुसऱ्या टोकाला आपला २९ नंबर, ज्याचे ०.५८ कापले गेले, यापेक्षा जास्त कापले जाऊच शकत नाहीत. म्हणजे एकाला सव्वा मार्काच्या वर बक्षीस आणि दुसऱ्याचा अर्ध्याच्या वर दंड, आणि दोघांच्या अभ्यासाचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

मॅडमनी मग म्हटलं, बरं, तोटा कुणाचाच नको ना, मग प्रत्येक भागात सगळंच वर न्या, एक तृतीयांश असू दे नाहीतर पाव असू दे. मुलांच्या बाजूने विचार करणाऱ्या बाई आहेत त्या, आणि ऐकायला हे खरंच उदार वाटतं. पण यात सरासरी जवळजवळ पूर्ण एक मार्क वाटला जातो (हिशोब केला तर ०.९६ येतो) आणि तो मिळतो कुणाला, तर ज्याच्या तिन्ही भागांत तुकडे आहेत त्याला. ज्याचे १०, १७ आणि ७ असे स्वच्छ पूर्ण मार्क आले त्याचे ३४ ते ३४च, त्याला छदाम नाही. आणि ज्याचे ९.३३, १६.५ आणि ७.२५ म्हणजे ३३.०८ आहेत तो १० + १७ + ८ = ३५ ने पास. पूर्ण मार्क मिळवणं हाच गुन्हा झाला की इथे.

विज्ञानाच्या सरांची पद्धत वरून निरुपद्रवी दिसते, पण ती दोनदा राउंड करते. ३४.२५ घ्या. सर्वात जवळचा अर्धा कुठला, ३४ आणि ३४.५ दोन्ही सारख्या अंतरावर, वर गेलं की ३४.५. मग अर्धा म्हणून परत वर, ३५. म्हणजे पाव मार्काने पाऊण मार्क ओढून आणला. पहिल्या पायरीवर मिळालेली ढकल दुसऱ्या पायरीला खरी कमाई वाटते, कारण दुसऱ्या पायरीला ३४.५ हा मुळात ३४.२५ होता हे दिसतच नाही. या पद्धतीत पासची रेषा ३५ नाही, ३४.५ पण नाही, गुपचूप ३४.२५ होऊन बसते. आपला ४१ नंबर, ३४.३३ वाला, इथेही पास. सरांना हे पटायला वेळ लागला, ते म्हणत राहिले की मी तर दोन्ही वेळा नियमानेच केलंय, आणि ते खरंच होतं, प्रत्येक पायरी नियमाने होती, दोन पायऱ्या असणं हाच दोष होता.

गणिताच्या सरांनी मग जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात कामाचं वाटलं. ते म्हणाले, दशांश चिन्हच काढून टाका. ३, २ आणि ४ यांचा लसावि १२. मग एक मार्क म्हणजे १२ पॉइंट असं धरा. भाग अ चं एक बरोबर उत्तर दोन तृतीयांश मार्क, म्हणजे ८ पॉइंट. भाग ब चा एक मार्क १२ पॉइंट, अर्धा ६. भाग क मध्ये सरासरी काढायचीच नाही, दोघा तपासणाऱ्यांच्या मार्कांची बेरीज घ्यायची आणि ६ ने गुणायची. पूर्ण पेपर १२०० पॉइंटचा, पासची रेषा ४२०, फी माफीची ९००. सगळं पूर्णांकात, कुठेही ३३३३ ची शेपूट नाही. दुकानात हिशोब रुपयात न करता पैशात केला की शेवटी घोळ राहत नाही तसंच हे.

१७ नंबर: १३६ + १८६ + ९३ = ४१५. २९ नंबर: ११२ + २१६ + ८७ = ४१५. ४१ नंबर: १६० + १५० + १०२ = ४१२. आता कोण कुणाच्या बरोबर आहे आणि कोण मागे आहे हे सांगायला वाद घालावा लागत नाही, पहिलीतलं पोर सांगेल.

मग राउंड एकदाच करायचं: पॉइंटमध्ये ६ मिळवायचे, १२ ने भागायचं, बाकी सोडून द्यायची. ४१५ चे ४२१, भागिले १२, पूर्ण ३५. ४१२ चे ४१८, पूर्ण ३४. स्प्रेडशीटमध्ये हे एका ओळीत बसतं. बी कॉलममध्ये बरोबर उत्तरांची संख्या, सी मध्ये भाग ब चे मार्क, डी आणि ई मध्ये भाग क च्या दोघांचे मार्क:

```
=INT((8*B2+12*C2+6*(D2+E2)+6)/12)
```

आणि अर्ध्याला वर नेण्यात पक्षपात होतो ना, असं कुणी म्हणेल, तर होतो, पण किती ते बघा. बेरजेला १२ ने भागल्यावर बाकी ० ते ११ यापैकी काहीही येऊ शकते. १ ते ५ वाल्यांचं जेवढं जातं बरोबर तेवढंच ७ ते ११ वाल्यांना मिळतं, ते फिटलं. उरतो फक्त ६ वाला, त्याला अर्धा मार्क जास्त. बारातला एक, म्हणजे सरासरी मार्काचा चोविसावा हिस्सा, ०.०४ च्या आसपास. भागवार करताना हाच आकडा ०.३७५ होता. त्यामुळे अर्धा वर की खाली यावर लोक जे तासभर भांडतात ते भांडण चुकीच्या जागी आहे, खरा फरक किती वेळा राउंड करता यात आहे.

इथे एक उपप्रकरण झालं. एका शिक्षकाच्या मुलाने, इंजिनिअरिंगला आहे तो, घरी निकालाची पडताळणी करायला पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचे काही आकडे आमच्याशी जुळेनात. फक्त अर्ध्यावरचे, आणि तेही सगळे नाही. कारण असं आहे:

```
round(34.5)   # 34
round(35.5)   # 36
```

तिथला राउंड बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातो. शीटमधला ROUND मात्र ३४.५ ला ३५ करतो. सम संख्येकडे जाणारी पद्धत चूक नाहीये, मोठ्या बेरजांमध्ये आणि मोजमापांमध्ये तीच योग्य, कारण अर्धे वर आणि अर्धे खाली जाऊन हिशोब सरासरीत फिटतो. पण मार्कांच्या बाबतीत एका मुलाचा अर्धा वर गेला म्हणून दुसऱ्याचा खाली जाऊन फिटत नसतो. ३४.५ वाल्याला तुम्ही काय सांगणार, तुझ्या आधीची संख्या सम होती म्हणून तू नापास? साखर पेठेतून कामावरचा खाडा करून आलेल्या बापाला हे समजावून दाखवा मग मान्य करतो.

शीटचे स्वतःचे पण सापळे आहेत आणि आमच्याकडे तिन्ही शाळांनी आपापली शीट भरून पाठवलेली, त्यात तीन वेगळे नमुने सापडले. एका शाळेने दोन तृतीयांशऐवजी ०.६७ टाकलेलं. ३० पैकी ३० बरोबर असलेल्या मुलीला २० पैकी २०.१ मिळाले, त्यावरूनच ते पकडलं गेलं. नुसतं हसण्यावारी न्यायचं नाही हे, कारण एका मुलीचे २८ बरोबर होते, भाग ब ३५.५, भाग क २०.२५, खरी बेरीज ७४.४२, म्हणजे ७४. ०.६७ ने तेच १८.७६ + ५५.७५ = ७४.५१, राउंड करून ७५, आणि फी माफ. दुसऱ्या शाळेने ०.६६६६ टाकलेलं, आणि हा उलट्या बाजूने चावतो. १८ बरोबर असतील तर हवेत नेमके १२, येतात ११.९९८८. वर १५.५ आणि ७ मिळवले की ३४.५ ऐवजी ३४.४९८८, आणि राउंड होऊन ३४. म्हणजे चार दशांश स्थळं घेऊन अचूक काम केल्यासारखं वाटतं, आणि जो मुलगा बरोबर अर्ध्याच्या काठावर उभा आहे तोच नेमका खाली ढकलला जातो. तिसऱ्या शाळेची शीट गणिताने बरोबर होती, पण त्यांनी राउंड केलंच नव्हतं, फक्त दशांश दिसू नये म्हणून सेलचं फॉरमॅट बदललेलं. त्यामुळे सेलमध्ये दिसतंय ३५ आणि शेजारच्या पास-नापासच्या कॉलममध्ये येतंय नापास, कारण शेजारचा फॉर्म्युला आतल्या ३४.५८ कडे बघतो. असा कागद नोटीस बोर्डावर लागला असता तर काय झालं असतं याची कल्पना करा.

तिन्ही शाळांकडून म्हणून मग कच्चे आकडेच परत मागवले: किती उत्तरं बरोबर, भाग ब चे मार्क, आणि क चे दोघांचे वेगवेगळे मार्क. हिशोब केलेलं काहीही नको. ही एक गोष्ट आधी केली असती तर वेळ वाचला असता खरं.

आता नियम ठरवायचा कसा हा पेच. सूचनांमध्ये काही लिहिलेलं नाही, पेपर होऊन गेलेला, मार्क समोर, आणि कुठला नियम लावला तर कोण आत येतं हे यादीत दिसतंय. त्यात एक मुलगा शिपायाचा, एक मुलगी शाळेतल्याच कुणाची तरी. गणिताच्या सरांनी एक अट घातली, आणि ती मला पटली: नियम यादी बंद करून ठरवायचा, कागदावर लिहून सगळ्यांनी सही करायची, आणि मग यादी उघडायची. लिहिलेलं असं: मध्ये कुठेही राउंड नाही, शेवटी एकदाच, अर्धा असेल तर वर, पास-नापास आणि फी माफी राउंड केलेल्या मार्कांवर, आणि क्रमांक पॉइंटवर. शेवटचं वेगळं का, तर राउंड केल्यावर १०३९ पॉइंटचे पण ८७ होतात आणि १०४९ चे पण ८७, म्हणजे ८६.५८ आणि ८७.४२ एका क्रमांकावर येऊन बसतात. पासच्या रेषेला एक पूर्ण आकडा लागतो कारण मार्कलिस्टवर तोच छापला जाणार आणि छापलेला ३५ नापास असू शकत नाही. क्रमांकाला तशी सक्ती नाही, तिथे जास्त बारीक माहिती हातात असताना ती फेकून द्यायचं कारण नाही. मार्कलिस्टवर मग दोन कॉलम आले, मिळालेले ८६.५८ आणि नोंदवलेले ८७, म्हणजे दोघांचेही ८७ असताना हा पहिला का तो दुसरा का हे कागदावरच दिसतं.

माझं एक म्हणणं मी तिथे मांडलं आणि ते मान्य झालं. आपण बाराव्या हिश्शावर भांडतोय, पण भाग क मध्ये त्याच निबंधाला एकाने ८ आणि एकाने ९ दिलेत. म्हणजे तपासणीतच एका मार्काचा डगमगेपणा आहे, आणि राउंड करण्याने तो जात नाही. म्हणून रेषेच्या दोन्ही बाजूंचे, ३३.५ ते ३६ पर्यंतचे सगळे पेपर बेरीज आणि न तपासलेलं उत्तर यासाठी परत बघायचे. फक्त खालच्या बाजूचे बघितले तर चुका एकाच दिशेने दुरुस्त होतात, रेषेच्या खालचे वर येतात पण वर चुकून बसलेले तसेच राहतात. ७५ च्या रेषेला पण तेच केलं. या फेरीत एका पेपरला भाग ब मधलं एक उपप्रश्नाचं उत्तर बेरजेत आलंच नव्हतं, तो मुलगा वर आला. एकाची बेरीज अर्ध्याने जास्त निघाली, तो होता तिथेच राहिला. आपले तिघं जसेच्या तसे.

तर निकाल असा झाला, १७ आणि २९ दोघं ३५ ने पास, ४१ नंबर ३४. भाषेच्या मॅडमना ४१ चं वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटणं चुकीचं नाही. मग हेडसरांनी ग्रेसचा विषय काढला. एका मार्काने राहिलेल्या सगळ्यांना एक मार्क ग्रेस, फक्त पासच्या रेषेला, फी माफीला नाही, आणि मार्कलिस्टवर वेगळ्या कॉलममध्ये '३४ + १' असं उघड लिहायचं. ४१ नंबर त्यातून आत आला. आणि तो १०, १७, ७ वाला पण आला, ज्याला भागवार पद्धतीत काहीच मिळालं नसतं. मॅडम म्हणाल्या, शेवटी ४१ पास झालाच ना, मग एवढा खटाटोप कशाला केला सर? गणिताचे सर म्हणाले, मॅडम, तुमच्या पद्धतीने २९ नंबर ग्रेसवर पास झाला असता आणि ४१ नंबर स्वतःच्या मार्कांवर. आता जे ज्याचं आहे ते त्याच्या नावावर आहे.

७४.४२ वाल्या मुलीचे वडील आले होते, होटगी रोडवर त्यांचं दुकान आहे. मुलीच्या शाळेच्या जुन्या शीटवर त्यांनी ७५ बघितलेलं कुणाच्या तरी मोबाईलवर, त्यामुळे तावातावात होते. पॉइंटचा कागद दाखवला, २२४ + ४२६ + २४३ = ८९३, ९०० ला ७ कमी, आणि राउंडसाठी ८९४ लागतात, एक कमी. त्यांनी स्वतःच मोबाईलवर बेरीज करून बघितली, दोनदा. एका पॉइंटने गेलं म्हणजे लैच झालं की सर, म्हणाले. झालंच. पण रेषा कुठेही ओढली तरी तिच्या एक पॉइंट खाली कुणीतरी असणारच, आणि त्यांनी वाद पुढे वाढवला नाही, उत्तरपत्रिका बघायला मागितली, ती दाखवली.

पुढच्या परीक्षेचा आराखडा त्याच आठवड्यात बदलला. ओएमआरचे ३० च्या ३० प्रश्न ठेवले पण भाग अ ला ३० मार्क आणि भाग ब ला ४०, म्हणजे तिसरा हिस्सा मुळातच गेला. क मध्ये दोघांच्यात दोन मार्कांच्या वर फरक असेल तर तिसऱ्याने तपासायचं, नाहीतर सरासरीच, त्यामुळे पाव मार्क राहिला, आणि त्याला हरकत नाही, आता चार पॉइंटचा एक मार्क धरला की भागतं. सूचनांच्या पानावर शेवटची ओळ आली: भागांचे गुण अपूर्णांकातच राहतील, एकूण बेरीज एकदाच पूर्ण केली जाईल, अर्धा किंवा त्याहून जास्त असल्यास पुढचा गुण. विज्ञानाच्या सरांनी त्यात 'एकदाच' खाली रेघ मारून दिली.